लोणारचा गुलाबी फोटो आणि त्याखालची ओळ

लोणार सरोवराच्या गुलाबी पाण्याचा फोटो खाली एक शब्दही न लिहिता लेखात टाकला, की लोणार न पाहिलेला वाचक एवढेच समजतो: तिथले पाणी गुलाबी असते. एरवी ते हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, त्या दिवसांतले फोटो भरपूर फिरले, आणि आता लोणारवरचा कोणताही लेख लिहायला बसले की शोधात तेच आधी हाताला लागतात. फोटो खरा, जागा खरी, रंगही खरा, तरी वाचकाची समजूत चुकते. कारण आपण कधीचे आहोत हे फोटोला स्वतःहून सांगता येत नाही. ते काम त्याच्याजवळच्या शब्दांचे आहे.

वर्तमानपत्राच्या कचेरीत या शब्दांना फोटोओळ म्हणतात. इंटरनेटवरच्या लेखात फोटोओळीच्या जोडीला आणखी दोन ठिकाणचा मजकूर येतो, आणि या तिघांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. म्हणून आधी कोण कोणासाठी आहे ते पाहू.

फोटोओळ फोटो पाहणाऱ्यासाठी असते. त्याला फोटो दिसतोच आहे, म्हणून त्यात काय दिसते हे सांगण्याची गरज नाही. काय दिसत नाही ते सांगायचे. दुसरा मजकूर पडद्यावर दिसतच नाही. त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात, आणि तो फोटो न पाहू शकणाऱ्यासाठी असतो. अंध वाचकाच्या फोनमधला स्क्रीन रीडर तो मोठ्याने वाचतो. नेट मंद असल्याने फोटो उतरला नाही, तर ब्राउझर त्या जागी तोच दाखवतो. इथे मात्र काय दिसते तेच सांगायचे असते. तिसरा मजकूर म्हणजे फोटोच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद. हा फोटो इथे का आला, हे तोच सांगतो.

शोधयंत्र हे तिन्ही वाचते. गुगल संकेतस्थळे चालवणाऱ्यांना देत असलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हणते, की चित्राचा विषय ओळखताना पानावरचा मजकूर, चित्राची ओळ आणि शीर्षकही विचारात घेतले जाते, आणि म्हणून चित्र त्याच्याशी संबंधित मजकुराजवळ ठेवावे. चित्रातले आकार ओळखण्याचे तंत्रही गुगलकडे आहे. पण त्या तंत्राला फार तर ‘गुलाबी पाणी, झाडी, आकाश’ इतके कळेल. ते पाणी बुलढाणा जिल्ह्यातले आहे आणि २०२० मधले आहे, हे चित्राच्या ठिपक्यांत कुठेच नाही. ते शब्दांतूनच कळणार, वाचकालाही आणि यंत्रालाही. म्हणूनच वाचकासाठी एक आणि गुगलसाठी एक असा वेगवेगळा मजकूर लिहायची वेळ सहसा येत नाही.

आता प्रत्यक्ष लिहून पाहू. समजा लेख ‘लोणारच्या पाण्याचा रंग का बदलतो’ असा आहे, आणि हातात सरोवराच्या काठावरून काढलेला, पाणी गुलाबी असतानाचा फोटो आहे.

पहिली सुचणारी ओळ असते ‘लोणार सरोवर’. लेखाच्या मथळ्यात लोणार आहे, पहिल्या परिच्छेदात आहे, आणि फोटोत सरोवर दिसतेच आहे. ओळीने नवे काहीच दिले नाही. दुसरी सुचणारी ओळ थोडी सजलेली: ‘निसर्गाचा अद्भुत चमत्कार, लोणारचे विलोभनीय रूप’. ही तर पहिलीहून वाईट, कारण पहिली निदान जागा तरी सांगत होती. तिसरी: ‘लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आहे’. इथे माहिती आहे, पण ‘झाले आहे’ हा वर्तमानकाळ घात करतो. बातमीच्या दिवशी हे वाक्य खरे होते. लेख मात्र पुढची पाच-सात वर्षे वाचला जाणार, आणि तो वाचणारा प्रत्येकजण ‘आहे’ म्हणजे आज, असेच समजणार. ओळीत क्रियापदापेक्षा तारीख महत्त्वाची असते, ती याचसाठी.

चौथी ओळ अशी लिहिता येईल: ‘जून २०२० मधले लोणार सरोवर. एरवी हिरवट दिसणारे हे पाणी खारेपणा वाढल्यावर मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले. हा रंग कायम राहिला नाही.’ यात कधी, कुठे, नेहमीपेक्षा वेगळे काय आणि कशामुळे, हे सगळे पहिल्या दोन वाक्यांत आले. लेख न वाचता फक्त फोटो पाहत खाली सरकणारा वाचकही चुकीची समजूत घेऊन जात नाही. असे वाचक पुष्कळ असतात, त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

पण ही ओळ एकटी पुरत नाही. ‘मीठप्रेमी सूक्ष्मजीव’ हे शब्द वाचून ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर ओळीत मावत नाही. ते आधीच्या परिच्छेदात असायला हवे. तो परिच्छेद साधारण असा होईल: ‘लोणारचे पाणी मुळातच खारे आणि अल्कधर्मी आहे. २०२० च्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली आणि उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढले. अशा खारट पाण्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्या शरीरात गुलाबी रंगद्रव्य असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून रंगाचे कारण हेच असल्याचे सांगितले.’ यानंतर फोटो. परिच्छेदाने वाचकाच्या मनात ‘पण दिसत होते कसे?’ हा प्रश्न तयार केला, आणि डोळे खाली सरकताच उत्तर समोर आले. फोटोनंतरचा परिच्छेद मग पावसाळ्यापासून सुरू करता येतो: नवे पाणी आले, खारेपणा उतरला, रंग ओसरला.

हाच फोटो चार परिच्छेद वर, सरोवर कसे तयार झाले हे सांगणाऱ्या भागात ठेवला असता तर? तिथला मजकूर उल्का, खडक आणि विवर यांच्याबद्दल. वाचक विवराबद्दल वाचतो आहे आणि समोर गुलाबी पाणी. काहींना वाटेल, उल्केमुळे पाणी गुलाबी झाले असावे. ही गंमत नाही. जवळजवळ ठेवलेल्या दोन गोष्टींचा संबंध माणूस आपोआप जोडतो, आणि यंत्रही काहीसे तसेच करते. फोटो दिसायला छान आहे म्हणून तो वर, आणि ज्याच्याबद्दल आहे तो मजकूर खाली, ही मांडणी इंटरनेटवर इतकी रुळली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे.

आता ऑल्ट टेक्स्ट. त्यात ओळीतलेच शब्द उतरवले, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला एकच वाक्य दोनदा ऐकावे लागते: एकदा फोटोच्या जागी, एकदा ओळीच्या जागी. म्हणून ऑल्टमध्ये फक्त दृश्य यावे आणि माहिती ओळीत. लेखाच्या कोडमध्ये हे असे दिसेल:

```html
<figure>
  <img src="lonar-gulabi-june-2020.jpg"
       alt="उंच काठावरून दिसणारे गुलाबी पाण्याचे गोल सरोवर, भोवती झाडी">
  <figcaption>जून २०२० मधले लोणार सरोवर. एरवी हिरवट
  दिसणारे हे पाणी खारेपणा वाढल्यावर मीठप्रेमी
  सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले; हा रंग कायम
  राहिला नाही.</figcaption>
</figure>
```

‘फोटो’ किंवा ‘छायाचित्र’ या शब्दाने ऑल्टची सुरुवात करायची गरज नाही. हे चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. फाइलचे नावही शोधयंत्राला थोडासा सुगावा देते, म्हणून `IMG_4471.jpg` पेक्षा वरच्यासारखे नाव बरे. नाव देवनागरीत दिले तरी चालते, पण दुवा कॉपी केला की ते `%E0%A4` अशा खुणांच्या लांबलचक रांगेत बदलते, म्हणून बहुतेक लोक रोमन लिपीत छोटे नाव देतात. जुन्या लेखांतल्या फाइलींची नावे बदलत बसू नये. फायदा नगण्य आणि जुने दुवे तुटण्याची भीती मोठी.

कोडमधल्या `figure` आणि `figcaption` या दोन खुणांचे काम साधे आहे: ही ओळ या चित्राची, अशी गाठ त्या बांधतात. वर्डप्रेसमध्ये फोटोखालच्या कॅप्शनच्या जागेत लिहिले की ही गाठ आपोआप बसते. बरेच जण मात्र तिथे लिहीत नाहीत. ते फोटोखाली नवा परिच्छेद घेतात, अक्षरे तिरकी करतात, मधोमध आणतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. पण त्या पानावर जाहिराती आपोआप घुसत असतील तर त्या दोन परिच्छेदांच्या किंवा तुकड्यांच्या मध्येच घुसतात, आणि मग वर लोणार, मध्ये गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आणि खाली ‘हा रंग कायम राहिला नाही’ असा क्रम लागू शकतो. कॅप्शनच्या जागेत लिहिलेली ओळ चित्राबरोबरच राहते.

वर्डप्रेसची आणखी एक खोड ठाऊक असावी. मीडिया लायब्ररीत फोटोला ओळ आणि ऑल्ट देता येतात, आणि फोटो लेखात घालताना तिथला मजकूर लेखात उतरतो. पण तो उतरतो त्या क्षणी. नंतर लायब्ररीत दुरुस्ती केली तरी आधी छापलेल्या लेखांतली ओळ जुनीच राहते. ती त्या त्या लेखात जाऊन बदलावी लागते.

‘बाजूच्या फोटोत पाहा’ हे वाक्यही फोनवर फसते. संगणकावर उजवीकडे असलेला फोटो फोनवर परिच्छेदाच्या वर किंवा खाली जातो, आणि वाचक बाजूला काय आहे म्हणून फोनची कड शोधतो. ‘गुलाबी पाण्याच्या फोटोत’ किंवा ‘उपग्रहाच्या दोन चित्रांत’ असे नावाने म्हटले, की फोटो कुठेही सरकला तरी वाक्य खरे राहते.

उपग्रहाच्या चित्रांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबू, कारण फोटोओळीची खरी परीक्षा तिथे होते. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीने लोणारची दोन चित्रे प्रसिद्ध केली होती, एक २५ मे २०२० चे आणि दुसरे १० जून २०२० चे. पहिल्यात हिरवट पाणी, दुसऱ्यात गुलाबी. आपल्या लेखाला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण वरून काढलेल्या चित्रात सामान्य वाचकाला एक गोल ठिपका दिसतो. तो शेततळ्याएवढा आहे की तालुक्याएवढा, कळत नाही. म्हणून ओळीत माप हवे: विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, एवढे सांगितले की चित्र आवाक्यात येते. दुसरी शंका रंगाची. उपग्रहाच्या अनेक चित्रांत रंग मुद्दाम बदललेले असतात. जंगल लाल आणि पाणी काळे दाखवणारी चित्रे आपण पाहिली आहेत. रंग हाच लेखाचा विषय असताना, हे रंग डोळ्यांना दिसतील तसे आहेत की कृत्रिम, हे न सांगणे म्हणजे पुराव्यातला जीव काढून घेणे. ज्या पानावरून चित्र घेतले तिथे ही माहिती वाचूनच ओळ लिहावी, अंदाजाने नव्हे.

दोन चित्रांची तुलना असेल तर दोन्हींना मिळून एकच ओळ द्यावी आणि क्रम शब्दांत सांगावा: ‘आधीचे चित्र २५ मेचे, नंतरचे १० जूनचे.’ ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ फोनवर पुन्हा वर-खाली होतात. तारखा चित्रावरच लिहिल्या तर डोळ्यांना सोपे जाते, पण त्या ओळीतही हव्यातच, कारण चित्रावर कोरलेली अक्षरे स्क्रीन रीडरला सहसा वाचता येत नाहीत आणि भाषांतराच्या साधनांतूनही निसटतात.

चित्रात अक्षरे कोरण्याचा याहून मोठा तोटा लोणारच्याच वयात दिसतो. पूर्वीच्या मोजणीवरून हे विवर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वीचे मानले जाई, आणि अनेक तक्त्यांत, माहितीफलकांत तोच आकडा आहे. पुढे आर्गॉन मूलद्रव्यावर आधारित पद्धतीने केलेल्या मोजणीत ते साडेपाच लाख वर्षांहून जुने असल्याचे निघाले. आता लेखातला आकडा दुरुस्त करायला अर्धे मिनिट पुरते. पण विवराच्या छेदाची रंगीत आकृती ज्याने काढली त्याच्याकडे मूळ फाइल उरलेली नसते, आणि मग परिच्छेदात एक वय, आकृतीत दुसरे, असा लेख वर्षानुवर्षे तसाच राहतो. आकृतीत फक्त भागांची नावे ठेवावीत. जे बदलू शकते ते, म्हणजे वय, मोजमाप, पातळी, ओळीत आणि परिच्छेदात ठेवावे.

अशा आकृतीचा ऑल्ट टेक्स्ट लिहिताना लोक एकतर ‘आकृती’ एवढेच लिहून सुटतात किंवा अख्खा निबंध घालतात. मधली वाट सोपी आहे. ऑल्टमध्ये एक वाक्य: ‘लोणार विवराचा उभा छेद: वर पाणी, त्याखाली गाळ, त्याखाली फुटलेला बेसॉल्ट खडक.’ बाकीचे शेजारच्या परिच्छेदात सर्वांसाठीच लिहावे. आकृती पाहूनही ती न समजणारे वाचक डोळसांतही असतात.

दैत्यसूदन मंदिराचा फोटो घालायचा मोह लोणारवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला होतो. मंदिर सुंदर आहे. पण पाण्याच्या रंगावरच्या लेखात ते काय करते? ‘लोणारमधील प्रसिद्ध दैत्यसूदन मंदिर’ ही ओळ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. लेखात कुठे लवणासुराची कथा येत असेल, विष्णूने त्या दैत्याला मारले आणि त्याच्या नावावरून लोणार हे नाव आले असे सांगितले असेल, तर मंदिराचा फोटो त्या परिच्छेदाखाली शोभतो आणि ओळ अशी होते: ‘लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे लोणार गावातील मंदिर, दैत्यसूदन.’ कथा नसेल तर फोटो काढून टाकावा. माझ्या मते ही फार उपयोगी कसोटी आहे: लेखाच्या विषयाशी जोडणारी ओळ सुचतच नसेल, तर दोष ओळीत नसतो, फोटोच त्या लेखाचा नसतो.

शब्द कोंबण्याबद्दल थोडक्यात. ‘लोणार सरोवर, लोणार सरोवर फोटो, लोणार सरोवर माहिती मराठी’ अशी ओळ किंवा असा ऑल्ट टेक्स्ट अजूनही दिसतो. गुगल याला उघडच नको म्हणते, आणि स्क्रीन रीडरवर तो ऐकणाऱ्याचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. पानाचा विषय एकदा मथळ्यात आला, की ओळीत तोच शब्द पुन्हा पुन्हा लागत नाही. त्या फोटोचे वेगळेपण सांगणारा शब्द लागतो.

एका ठिकाणी मात्र तुमची ओळ कितीही चांगली असली तरी उपयोगाची नाही. लेखाचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला, की त्यासोबत मथळा आणि मुख्य फोटो जातो. ओळ मागेच राहते. गुलाबी सरोवर मुख्य फोटो म्हणून ठेवले, तर फिरणाऱ्या प्रत्येक दुव्याबरोबर तारीख नसलेला गुलाबी रंग फिरतो, आणि आपण लेखात जो गैरसमज दूर केला तोच बाहेर पसरवतो. म्हणून मुख्य फोटो असा निवडावा जो ओळीशिवायही दिशाभूल करत नाही. या लेखासाठी मे आणि जूनची दोन चित्रे शेजारी ठेवून केलेला एकच फोटो चांगला. किंवा मथळ्यातच २०२० घालावे.

लेख तयार झाल्यावर दोन तपासण्या पुरतात. एकदा परिच्छेद सोडून फक्त फोटो आणि ओळी वाचत खाली जावे. तेवढ्यावरून लेख कशाबद्दल आहे ते कळले पाहिजे आणि कुठे खोटे काही कळता कामा नये. मग अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा त्यातला स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून लेख ऐकावा. एकच वाक्य दोनदा कुठे येते, कुठे नुसतेच फाइलचे नाव वाचले जाते, कुठे ‘खालील फोटोत दिसते त्याप्रमाणे’ म्हटल्यावर काहीच येत नाही, हे कानाला लगेच खटकते. आधी टॉकबॅक बंद कसे करायचे ते शिकून ठेवावे, नाहीतर फोनशी झटापट होते.

आणि हे सगळे ज्यावर उभे आहे ती माहिती, म्हणजे तारीख, जागा, कोणी काढला, ही लेख लिहिताना शोधायला गेले की बहुधा मिळत नाही. कॅमेरा आणि फोन ती फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदवतात, पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती नोंद निघून जाते. फोटो काढणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, किंवा ईमेलने. सोबत एका ओळीत एवढेच लिहून मागावे: कोणत्या दिवशी, कुठे उभे राहून, कोणत्या दिशेला तोंड करून, आणि नाव कसे छापायचे.